द्राक्षबागेच्या ग्रुपवर मेसेज आपोआप उडतात, मग फवारणीची सूचना ठेवायची कुठे?

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या बागायतदारांचं निम्मं कामकाज आता व्हॉट्सॲपवर चालतं. सल्लागार सकाळी ग्रुपवर सूचना टाकतात आणि दुपारी ब्लोअर सुटतो. त्याच ग्रुपवर व्यापाऱ्याचे दर, मजुरांच्या आधारकार्डाचे फोटो आणि पासबुकाचं पानही येऊन पडतं. फोन ब्लोअरवाल्याच्या हातात जातो, घरच्या पोरांच्याही हातात जातो. म्हणून ठराविक दिवसांनी मेसेज आपोआप पुसणारा टायमर लावणं शहाणपणाचंच आहे. त्याचा आणखी एक फायदा असतो, तो सहसा लक्षात येत नाही. गेल्या हंगामातला डोस यंदाच्या हवामानात कुणी फॉरवर्ड करू शकत नाही.

अडचण एवढीच की टायमरला दर आणि डोस यांतला फरक कळत नाही. व्हॉट्सॲपवर 24 तास, 7 दिवस आणि 90 दिवस असे तीनच पर्याय आहेत. 90 दिवस ठेवले की काम भागेल असं वाटतं, पण हिशोब करून बघा. 10 ऑक्टोबरला फळछाटणी घेतली आणि 15 ऑक्टोबरला पहिली सूचना आली, तर ती 13 जानेवारीला उडते. माल फेब्रुवारीत निघणार. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेच्या फवारण्यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस सोडायचे, हे तपासायची वेळ नेमकी तेव्हाच येते. म्हणजे सर्वांत लांबचा टायमरसुद्धा एका हंगामाला पुरत नाही. त्यापेक्षा टायमर 7 दिवसांचा ठेवावा आणि सूचना बाहेर काढून ठेवायची सवय लावावी, असं आमचं मत आहे. बाहेर काढायचे मार्ग चार:

| मार्ग | लागणारा वेळ | नंतर शोधता येतं? | कुठे दगा देतो |
|---|---|---|---|
| 'Keep' करणं | काही सेकंद | होय, त्याच ग्रुपमध्ये | पाठवणारा ते रद्द करू शकतो |
| स्क्रीनशॉट | काही सेकंद | अवघड | तारीख आणि संदर्भ हरवतात |
| स्वतःला फॉरवर्ड | काही सेकंद | मजकूर असेल तर होय | कुणी, कधी सांगितलं ते जातं |
| उतरवून घेणं | दोन-तीन मिनिटं | होय | कंटाळा |

'Keep' सोपं आहे. मेसेज दाबून धरा, 'Keep' निवडा, की तो टायमरला सापडत नाही आणि ग्रुपच्या माहितीत 'Kept messages' खाली दिसतो. पण पाठवणाऱ्याला ते कळवलं जातं आणि 30 दिवसांच्या आत तो ते रद्द करू शकतो. त्याने रद्द केलं की तुम्हाला पुन्हा ठेवता येत नाही. ग्रुपमधल्या दुसऱ्यानेही चुकून 'Unkeep' केलं, तरी मेसेज पुन्हा टायमरवर जातो. बरेच जण चांदणी लावून निर्धास्त होतात. चांदणीने मेसेज वाचत नाही, टायमर संपला की तोही जातो.

स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढला तर वर तारखेऐवजी 'Today' एवढंच येतं. काढल्याची तारीख अँड्रॉइडवर बहुधा फाइलच्या नावात असते, पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून भावाला पाठवला की ते नावही बदलतं. फेब्रुवारीत हातात उरतो एक फोटो, ज्यात 'आज संध्याकाळी घ्या' लिहिलंय. आज म्हणजे कधी?

फॉरवर्डचं दुखणंही तेच. स्वतःच्या चॅटमध्ये पाठवलेल्या मेसेजवर सल्लागाराचं नाव येत नाही आणि तारीख तुम्ही फॉरवर्ड केल्याची पडते. अँड्रॉइडवर एक सोय आहे: दोन किंवा जास्त मेसेज एकत्र निवडून कॉपी केले, तर प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि नाव येतं. एकच कॉपी केला तर नुसता मजकूर येतो. म्हणून सूचनेसोबत शेजारचा 'राम राम'सुद्धा निवडा. व्हॉइस मेसेज फॉरवर्ड होतो, पण शब्द टाकून शोधला तर सापडत नाही. तो ऐकून लिहावाच लागतो.

आम्ही कौल देतो तो उतरवून घेण्याला, कारण उतरवताना चूक पकडली जाते. समजा सूचना अशी आली: 'भुरीसाठी सल्फर 80 टक्के 2 ग्रॅम, संध्याकाळी, ऊन असताना नको.' उतरवायला बसलं की लगेच विचारावंसं वाटतं, 2 ग्रॅम कशाला? लिटरला. ते पक्कं झालं की 200 लिटरच्या ड्रमला 400 ग्रॅम आणि 600 लिटरच्या ब्लोअरला 1 किलो 200 ग्रॅम होतात. हा गुणाकार टाकीजवळ उभं राहून, अंधार पडताना करायचा नसतो. नोंद अशी पडते:

15 ऑक्टो., वरचा प्लॉट. सल्फर 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम (600 लिटरला 1200 ग्रॅम). संध्याकाळी, उन्हात नाही. पीएचआय विचारायचा. सांगितलं: सल्लागार, ग्रुपवर, सकाळी 7.40.

'पीएचआय विचारायचा' हेही लिहिलंय, ते मुद्दाम. सूचनेत जे नाही ती जागा मोकळी सोडली तर पुढे ती कुणीतरी अंदाजाने भरतो. हीच नोंद कॉपी करून ग्रुपवर टाका आणि 'बरोबर' असं उत्तर घ्या. ते उत्तरही आठवड्याने उडेल, म्हणून नोंदीपुढे 'खात्री झाली' आणि तारीख लिहा.

नोंद स्वतःच्या चॅटमध्ये ठेवणार असाल तर त्या चॅटचा टायमर बंद आहे का, हे आधी बघा. चॅटच्या नावावर टॅप केलं की 'Disappearing messages' दिसतं, तिथे 'Off' हवं. फवारणी झाली की तीच ओळ फवारणीच्या वहीत, शाईने. फोन हरवला तरी वही गोडाऊनमध्ये असते.

घाई मात्र करू नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, आणि तुम्ही आधीच कॉपी केलेला मजकूर काही बदलत नाही. सूचना आल्यावर अर्ध्या तासाने उतरवा. पुढे पाऊस आला म्हणून 'आज थांबा' असा निरोप आला, तर जुनी नोंद पुसू नका. तिच्यावर आडवी रेघ मारा आणि खाली नवी लिहा. पुसली तर दोन दिवसांनी 'फवारणी झाली होती की नव्हती' हा घोळ निस्तरता येत नाही.

काही सुटलं का, हे बघायला आठवड्यातून एकदा ग्रुप चाळणं पुरत नाही. टायमर मेसेज पाठवल्यापासून मोजला जातो. रविवारी रात्री नऊला चाळून झालं आणि सव्वानऊला सूचना पडली, तर पुढच्या रविवारी सव्वानऊला ती गेलीच. त्या दिवशी जेवायला उशीर झाला आणि साडेनऊला फोन हातात घेतला, तर काही दिसणार नाही. बुधवार आणि रविवार असे दोन वार धरा. सल्लागाराला एवढंच सांगा की ठेवायच्या मेसेजची सुरुवात 'नोंद' या शब्दाने करा आणि एका मेसेजमध्ये एकच सूचना द्या. मग शोधात 'नोंद' टाकलं की आठवड्यातल्या सगळ्या समोर येतात.

सिग्नल ॲपवर हिशोब वेगळा आहे. तिथे टायमर 4 आठवड्यांपर्यंत लावता येतो आणि वाचणाऱ्याकडे तो वाचल्यापासून सुरू होतो, त्यामुळे रानात दोन दिवस रेंज नसली तरी न वाचलेली सूचना जात नाही. उलट एकाने वाचली की त्याच्याकडून ती लवकर जाते, भावाकडे मात्र अजून दिसत असते, आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टी बघून वाद घालतात. टेलिग्रामच्या साध्या चॅटमधून 'Saved Messages'मध्ये फॉरवर्ड केलेलं टिकतं आणि मूळ पाठवणाऱ्याचं नावही सहसा राहतं. सीक्रेट चॅटमधून मात्र फॉरवर्ड होतच नाही, तिथे हातानेच लिहावं लागतं.