विजेचं बिल: ९० युनिटचं घर आणि २४० युनिटचं घर, बचत कुठे किती?

पंखा बदलायचा, गिझर गॅसचा घ्यायचा की छतावर सोलर बसवायचं? सातारा-सांगलीकडच्या घरांत या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुकानात ठरतं. खरं तर ते महावितरणच्या बिलावरून ठरायला हवं. एकच वस्तू एका घरात दीड-दोन वर्षांत पैसे वसूल करते आणि शेजारच्या घरात त्याच वसुलीला सव्वातीन वर्षांहून जास्त लागतात. कारण त्या दोन घरांतलं वाचलेलं युनिट सारख्या किमतीचं नसतं.

दोन घरं समोर ठेवू. पहिलं कोरेगावकडचं, दोन माणसांचं, महिन्याला ९० युनिट. दुसरं सातारा शहरात गोडोलीला, चौघांचं, महिन्याला २४० युनिट. दोन्हींकडे सिंगल फेज घरगुती जोडणी. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून हिशेबाला सोपे गोल आकडे घेऊ: १०० युनिटपर्यंत ६ रुपये, १०१ ते ३०० ला साडेअकरा रुपये, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७० पैसे. यात वीज आकार आणि वहन आकार दोन्ही धरलेत. स्थिर आकार १३० रुपये. या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो बाजूला ठेवलाय. स्वतःचा हिशेब करताना ताज्या बिलावरचे दर घाला.

| | ९० युनिट | २४० युनिट |
|---|---|---|
| स्थिर आकार | १३० | १३० |
| पहिला स्लॅब | ५४० | ६०० |
| दुसरा स्लॅब | – | १,६१० |
| वीज शुल्क १६% | १०७ | ३७४ |
| एकूण रुपये | ७७७ | २,७१४ |

बिलाला युनिटने भागलं तर पहिल्या घराला युनिट ८ रुपये ६४ पैशांना पडलं, दुसऱ्याला ११ रुपये ३१ पैशांना. बरेच जण हाच सरासरी आकडा धरून बचत मोजतात, आणि चूक तिथेच होते. युनिट वाचतं ते नेहमी वरच्या टोकाचं. गोडोलीच्या घरात एक युनिट कमी झालं की साडेअकरा रुपये आणि त्यावरचं शुल्क मिळून १३ रुपये ३४ पैसे वाचतात. कोरेगावच्या घरात फक्त ६ रुपये ९६ पैसे, कारण तिथलं वरचं युनिट सहा रुपयांच्याच स्लॅबमधलं आहे आणि बिलातला स्थिर आकार युनिट कमी केल्याने हलत नाही. शेवटच्या युनिटचा दर गुणिले १.१६, हा एकच आकडा बिलावरून काढून ठेवा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

याच अनुषंगाने एक गैरसमज. ‘तीनशेच्या वर गेलं की सगळ्या युनिटला वरचा दर लागतो’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटला लागतो. ३०० चे ३०१ युनिट झाले तर बिल साधारण १८ रुपयांनी वाढतं, हजारांनी नाही. त्यामुळे महिनाअखेरीला एखाद्या युनिटसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

आता पंखा. जुना साधा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिटचा फरक पडतो. गोडोलीत महिन्याला २१६ रुपये, कोरेगावात ११३. आपल्याकडे थंडीत पंखा बंदच असतो, म्हणून वर्षाचे आठ महिने धरा. पंखा ३,००० रुपयांचा असेल तर गोडोलीत पावणेदोन वर्षांत पैसे निघतात, कोरेगावात सव्वातीन वर्षांहून जास्त लागतात. पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला तासभर फिरणारा पंखा मात्र दोन्ही घरांत बदलू नये. पंखा कायम दोन नंबरवर चालवणाऱ्यांनाही एवढा फरक दिसणार नाही, कारण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर साधा पंखाही कमी वेगाला कमी वीज घेतो.

आंघोळीच्या पाण्यात स्लॅबचा खेळ सगळ्यात स्वच्छ दिसतो. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ०.४७ युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला ५६ युनिट. गोडोलीत त्याचे सुमारे ७५० रुपये होतात. तेवढंच पाणी गॅस गिझरवर तापवायला साडेपाच किलो गॅस जातो. सिलिंडर ८५० रुपयांचा धरला तर ३३० रुपये. इथे गॅस सरळ स्वस्त आहे. कोरेगावच्या दोघांना मात्र २८ युनिटचे १९५ रुपये पडतात आणि गॅसचे १६५. तीस रुपयांसाठी नवा गिझर, पाइप, बसवणावळ कशाला? शिवाय गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवणं जिवावर बेतू शकतं. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर बाहेरच्या भिंतीवर किंवा मोकळ्या गॅलरीत बसवायची सोय असेल तरच विचार करा.

छतावरच्या सोलरचा एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतो, उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात बराच कमी. त्यामुळे तासगाव-जतकडच्या आणि जावळी-महाबळेश्वरच्या पट्ट्यातल्या उत्पादनात मोठा फरक पडतो. गोडोलीच्या घरात पहिला किलोवॅट दुसऱ्या स्लॅबचे १२० युनिट खातो, म्हणजे महिन्याला १,६०० रुपये. दुसरा किलोवॅट उरलेल्या १२० युनिटचा, पण त्यातले शंभर स्वस्त स्लॅबचे, म्हणून त्याची किंमत ९६० रुपयेच. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान आहे. अनुदान वाढतं म्हणून विक्रेता तीन किलोवॅटचा आग्रह धरतो. २४० युनिटच्या घराला तिसरा किलोवॅट जवळपास फुकट जातो, कारण वर्षअखेरीला उरलेल्या जादा युनिटला ग्राहकाच्या दरापेक्षा खूप कमी दर मिळतो. कोरेगावच्या घराला एक किलोवॅटही महिन्याला ६२५ रुपयेच वाचवून देईल. स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क, म्हणजे १५१ रुपये, दोन्ही घरांत शेवटपर्यंत राहतात.

स्थिर आकार खरोखर कमी होतो तो एकाच ठिकाणी. पूर्वी घरात चक्की किंवा मोठी मोटर होती म्हणून थ्री फेज घेतलं आणि आता ती नाही, अशा घरांत. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीच्या आसपास असतो. बिलावर `LT I Res 3-Phase` छापलेलं असेल आणि घरात पंखे, टीव्ही, फ्रिजच असतील, तर सिंगल फेजसाठी अर्ज करा. मंजूर भार तीनचा दोन किलोवॅट करून मात्र सिंगल फेज घराचा स्थिर आकार कमी होत नाही.

काहीही विकत घेण्याआधी मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा. चालू रीडिंगच्या जागी `RNA` किंवा `LOCKED` असेल तर ते बिल सरासरीचं आहे, त्यावर कसलाच हिशेब करू नका. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे मिळून ३६० युनिट आले तर ते १८०-१८० असे विभागून स्लॅब लागायला हवेत. तसं झालं तर युनिटची रक्कम ३,०४० होते. एकाच महिन्याचे धरले तर ३,८४२, आणि शुल्क धरून फरक ९३० रुपये. हा फरक दिसला तर मीटरवरच्या आकड्याचा तारखेसह फोटो आणि दोन्ही बिलं घेऊन उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.