जादा कार्पेट की पक्की तारीख? पुनर्विकासाच्या दोन मसुद्यांपुढे बसलेल्यांसाठी

आमच्या सोसायटीपुढे शेवटी दोनच बिल्डर उरले होते. माझं जुनं घर ४८० चौरस फूट कार्पेट. पहिला ३५ टक्के जादा देत होता, म्हणजे ६४८. दुसरा २८ टक्के, म्हणजे साधारण ६१४. कॉर्पस, म्हणजे प्रत्येक सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम, पहिल्याकडे सात लाख, दुसऱ्याकडे पाच. सभेत बहुतेकांचा कल पहिल्याकडे होता आणि त्यात गैर काही नव्हतं. नव्या इमारतीत मेंटेनन्स वाढतो, तेव्हा दोन लाखांचा फरक निवृत्त माणसाला जाणवतोच.

क्षेत्रफळाचा फरक मात्र दिसतो तेवढा नसावा. पहिल्याचा आकडा रेरा कार्पेटचा होता. त्यात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही मोजली जाते. दुसऱ्याने भिंती वगळून, आतून मोजलेलं क्षेत्र लिहून दिलं होतं.

मला खरं खटकलं ते पहिल्याच्या मसुद्यातलं एक वाक्य: 'पूर्ण इमारतीची सीसी मिळाल्यापासून ३६ महिने, अधिक सहा महिने सवलत.' सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत आणि मग वरच्या मजल्यांची. त्यामुळे घर रिकामं केलं, इमारत पाडली, तरी मुदत सुरूच झालेली नसते. शेजारच्या सोसायटीत पूर्ण सीसी यायला १४ महिने लागले. आमच्याकडेही तसंच झालं असतं, तर १४, ३६ आणि ६ मिळून ५६ महिने बिल्डरला उशीर झाला असं म्हणताच आलं नसतं. भाड्याचे आगाऊ चेकही ३६ महिन्यांचेच होते. त्यापुढचं भाडं 'परस्पर संमतीने'. माझं भाडं महिना ४०,००० धरलं, तर कॉर्पसमधले जादा दोन लाख पाच महिन्यांत संपतात.

दुसऱ्याने मुदत मोजली ती शेवटच्या सभासदाने किल्ली दिल्यापासून, ३६ महिने, सवलत नाही. भाडं ओसी, म्हणजे इमारत राहण्यासाठी वापरायची परवानगी, मिळून ताब्याचं पत्र आल्यानंतरही एक महिना चालू, दर वर्षी १० टक्के वाढ. उशीर झाला तर भाडं सुरूच, वर भाड्याच्या निम्मा दंड, आणि तो सोसायटीकडच्या बँक गॅरंटीतून वसूल करण्याची मुभा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितलेली आहे. ती दोघांकडेही मागितली होती. पहिल्याने तिच्याऐवजी नव्या इमारतीतले दोन फ्लॅट तारण देऊ केले. पण इमारतच रखडली तर त्या तारणाला ग्राहक कोण?

तुमच्या इमारतीचं गणित वेगळं असू शकेल. घर लहान असेल तर ३४ फुटांत एक पलंग मावतो, हे मला मान्य आहे. मी पहिल्याला तेवढं एक वाक्य बदलायला सांगितलं. कॉर्पस आणखी ५०,००० ने वाढवायला तो लगेच तयार झाला, पण सीसीची तारीख सोडायला तयार होईना. पुढच्या सभेत मी दुसऱ्यासाठी हात वर केला.