थ्रेशोल्ड अलर्ट ठेवायचा की बर्न रेटवर जायचं?

दोन्ही एकाच सर्व्हिसवर लावून बघू. एसएलओ, म्हणजे किती रिक्वेस्ट यशस्वी व्हायलाच हव्यात याचं लक्ष्य, 99.9 टक्के, 30 दिवसांचा. म्हणजे 0.1 टक्का रिक्वेस्ट फेल झालेल्या चालतात, हेच एरर बजेट, आणि सर्व्हिस पूर्ण झोपली तर ते 43.2 मिनिटांत संपतं.

साधा थ्रेशोल्ड म्हणजे एरर रेट सलग 10 मिनिटं 0.1 टक्क्याच्या वर राहिला की पेज, म्हणजे ड्युटीवाल्याचा फोन वाजतो. लावायला सोपा. पण आमच्याकडे रोज रात्री दोनला एक बॅच जॉब चालायचा, तेवढी 12 मिनिटं एरर 0.3 टक्क्यांवर जायचे, ज्याची ड्युटी तो उठून लॅपटॉप उघडायचा आणि तोवर सगळं शांत झालेलं असायचं. नंतर हिशोब केला तर एका रात्रीत बजेटचा 0.1 टक्कासुद्धा जात नव्हता, अख्ख्या महिन्यात जेमतेम अडीच टक्के! एवढ्यासाठी झोपा मोडत होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक पेज न वाचताच अ‍ॅक करायला लागले होते.

बर्न रेट विचारतो, बजेट किती वेगाने जळतंय. 1 म्हणजे बरोबर 30 दिवसांत संपेल. तासभर 14.4 राहिला तर 2 टक्के बजेट गेलं, तिथे पेज. आमचा बॅच जॉब तासाच्या सरासरीत 0.06 टक्क्यावर येतो, म्हणजे बर्न रेट 0.6, फोन वाजतच नाही.

पूर्ण आउटेज झालं तर हा अलर्ट मिनिटाच्या आत वाजतो, थ्रेशोल्डवाला 10 मिनिटं थांबतो. उलट डिप्लॉय बिघडून 2 टक्के रिक्वेस्ट फेल होत असतील तर याला साधारण 43 मिनिटं लागतात. हे मान्य असेल तरच इकडे या. मला मान्य आहे, कारण त्या वेगाने बजेट संपायला दीड दिवस लागतो.

फक्त एकच विंडो ठेवू नका. 10 मिनिटांचं आउटेज निस्तरलं तरी पुढे जवळपास तासभर अलर्ट पेटलेला राहतो, कारण ते एरर अजून तासाच्या सरासरीत असतात. म्हणून छोटी विंडो जोडायची:

```
job:errors:ratio_1h > 14.4 * 0.001
and
job:errors:ratio_5m > 14.4 * 0.001
```

सोबत 6 तासांच्या विंडोवर बर्न रेट 6 चा दुसरा पेज, आणि 3 दिवसांवर 1 चा फक्त तिकीट, ते सकाळी ऑफिसात बघितलं तरी चालतं.

ट्रॅफिक अगदी कमी असेल तर मात्र बर्न रेटही फसवतो. तासाला 10 रिक्वेस्ट आणि त्यातली 1 फेल, की बर्न रेट थेट 100. तिथे आधी किमान रिक्वेस्टची अट घाला नाहीतर दोन-तीन छोट्या सर्व्हिस मिळून एकच एसएलओ करा, मगच पेज चालू करा.