पत्रिका की टॅरो? पैसे घेऊन ऑनलाइन बसण्याआधी

मी दोन्ही करते. आधी पत्रिका, मग चार वर्षांनी टॅरोचे पत्ते. नवीन मंडळी विचारतात, यातलं कुठलं आधी सुरू करू? बहुतेकांच्या मनात असतं की ज्यात जास्त जमतं ते. माझ्या मते आधी पाहायला हवं ते वेगळंच: कुठल्या प्रकारात आपण काय सांगू शकतो, आणि पैसे कसे घेतले तर खोटं बोलायचा मोह कमी होतो.

एकच प्रश्न दोन्हीकडे नेऊन बघू. एक जातक विचारते, "लग्न कधी होईल?" जन्मवेळ विचारली तर म्हणते, "सकाळी सहाच्या सुमारास."

पत्रिकेत हा "सुमारास" फार महाग पडतो. लग्नराशी, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवणारी रास, सरासरी दोन तासांनी बदलते आणि तिचा नववा भाग, म्हणजे नवांश, तर साधारण तेरा मिनिटांनी. साडेपाच ते साडेसहा हा तासाभराचा पट्टा धरला, तर लग्नराशी कुठली हेच कधी कधी ठरत नाही, नवांशाचं तर नावच नको. दशेचं, म्हणजे आयुष्यातल्या ग्रहांच्या कालखंडांचं, गणितही हलतं. ते जन्मावेळी चंद्र नक्षत्रात कुठे होता यावरून ठरतं. चंद्र एक नक्षत्र साधारण दिवसभरात ओलांडतो, म्हणजे जन्म शुक्राच्या 20 वर्षांच्या महादशेत असेल, तर एका तासाच्या फरकाने तिचा शेवट सुमारे दहा महिने पुढेमागे जातो. वर अयनांशाचा, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची याचा, वाद आहेच. लाहिरी आणि रामन अयनांशांत जवळपास दीड अंशाचा फरक आहे. जन्मावेळी शुक्राची महादशा चालू असेल, तर त्याच जन्मवेळेवर तिचा शेवट दोन वर्षांहून अधिक सरकू शकतो. त्याच पत्रिकेवर दोन अभ्यासू माणसं दोन वेगळी वर्षं सांगतात, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. म्हणून "पुढच्या मार्चमध्ये नक्की" असं लिहिणारा माणूस शास्त्राच्या भाषेतसुद्धा शास्त्राबाहेर बोलतो आहे. शास्त्राबाहेरच्या तपासणीचं म्हणाल, तर 2008 साली जयंत नारळीकरांनी घेतलेल्या चाचणीत हुशार मुलं आणि मतिमंद मुलं पत्रिकांवरून वेगळी करायची होती. 27 ज्योतिष्यांचा निकाल सरासरी 46 टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवण्याइतकाच. हे आपल्या जातकाला माहीत असू शकतं आणि आपल्यालाही माहीत असायला हवं.

टॅरोला जन्मवेळ लागत नाही, आणि नवख्याला तिथेच तो सोपा वाटतो. 78 पत्ते, तीन पत्त्यांचा स्प्रेड, अर्ध्या तासात काम झालं. पण पत्ते तारीख सांगतच नाहीत. "कधी" या प्रश्नाचं टॅरोतलं उत्तर बहुतेक वेळा वाचणाऱ्याने स्वतःच भरलेलं असतं. त्याच जातकाला मी प्रश्न बदलायला सांगते: लग्नाबद्दल तुला सध्या कशाची भीती आहे, घरच्यांशी काय बोलायचं राहून गेलंय? या प्रश्नांवर पत्ते बोलायला निमित्त देतात. त्यातून अर्धा तास चांगलं बोलणं होतं, भविष्य कळत नाही. हे मी बुकिंगच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिते.

थोडक्यात, पत्रिका काळाबद्दल बोलते, पण नेमकी असल्याचा आव आणते. टॅरो आव कमी आणतो, पण त्यात आपल्या तोंडचं वाक्य पत्त्याचं म्हणून खपवणं फार सोपं आहे.

आता पैसे. माझ्या एका साध्या पत्रिका सेशनचा हिशेब असा: बोलणं 45 मिनिटं, आधी जन्मवेळेची चौकशी, कुंडली मांडणं आणि दशा पाहणं 40, नंतर टिपणं लिहून पाठवणं 15, मागून येणारे मेसेज 20. एकूण दोन तास. टॅरोचं एक सेशन: बोलणं 30, तयारी 5, स्प्रेडचा फोटो आणि टिपण 10, मेसेज 10. एकूण 55 मिनिटं. म्हणजे तुमच्या एका तासाचा जो दर असेल, त्याच्या दुप्पट पत्रिकेला आणि एका तासाच्या दराहून जरा कमी टॅरोला, असं धरायला हवं. पेमेंटची कपात आणि ऐन वेळी न येणारे लोक त्यावर वेगळे. मी पहिल्या वर्षी दोन्हीला सारखाच दर लावला आणि पत्रिका पाहणं नकोसं झालं. दोष पत्रिकेचा नव्हता, मी दोन तासांचं काम एका तासाला विकत होते.

मिनिटावर पैसे देणाऱ्या अॅपवर ही तूट आणखी वाढते. तिथे 45 मिनिटांचे पैसे मिळतात, आधीची 40 मिनिटं फुकट. मग तयारी न करताच बोलायची सवय लागते. टॅरोत उलटा प्रकार होतो. मीटर चालू असतं, माणूस रडत असतो आणि "अजून एक पत्ता काढू का?" हे वाक्य सहज तोंडी येतं. मी ते म्हटलेलं आहे. शिवाय पत्रिका बदलत नाही, म्हणून जातक वर्षभराने परत येतो. टॅरोवाला माणूस तोच प्रश्न घेऊन आठवड्यात तिसऱ्यांदा येतो. टॅरोचं उत्पन्न स्थिर वाटतं ते यामुळेच, आणि धोकाही तिथेच आहे. मी ठरावीक वेळ आणि ठरावीक दर ठेवला आणि नियम केला की तोच प्रश्न तीन महिने पुन्हा घेणार नाही, परिस्थिती खरोखर बदलली असेल तरच. उत्पन्न घटलं, हे लपवत नाही.

"खरं न ठरल्यास पैसे परत" ही जाहिरात प्रामाणिक वाटते, पण हिशेब करून बघा. नोकरी मिळेल की नाही, हे शंभर जणांना डोळे झाकून सांगितलं, तरी बऱ्याच जणांचं बरोबर येईल. चुकलेल्यांचे पैसे परत केले, बरोबर आलेल्यांचे ठेवले, वर त्यांचे अभिप्राय लावले. काहीही न कळणाऱ्यालाही हा धंदा परवडतो. त्यापेक्षा सेशन झालंच नाही किंवा आपण वेळ पाळली नाही, तरच पैसे परत, आणि भाकिताची हमी नाही, असं सरळ लिहावं.

अभिप्रायांबद्दलही तेच. 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना "तुमच्या स्वभावाचं वर्णन" म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला. वर्णन किती जुळतं यासाठी विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले. म्हणून "अगदी माझ्याबद्दलच बोललात" ही दाद मी जपून ठेवते, पण जाहिरातीत वापरत नाही. "बोलून मोकळं वाटलं" ही वापरते, कारण ती तपासता येते.

उपाय, रत्नं, शांती यांचं विक्रीचं टोक पत्रिकेत जास्त तीक्ष्ण असतं. दोष सांगणारा आणि त्यावरचा उपाय विकणारा एकच माणूस असला, की दोष सापडतोच. मी काहीच विकत नाही. आजार, कोर्टाची केस आणि मृत्यू हे विषय दोन्हीकडे बंद.

तर निवड कशी करायची? गणिताची आवड असेल, जन्मवेळ संशयास्पद दिसल्यावर "यावर मी एवढंच सांगू शकते" म्हणायची हिंमत असेल आणि दोन तासांचे पैसे मागता येत असतील, तर पत्रिका. समोरच्याचं ऐकून घेता येत असेल आणि मीटर बंद ठेवता येत असेल, तर टॅरो. आमच्या त्या जातकाला मी शेवटी पत्रिका घेऊ दिली नाही. आधी जन्मदाखल्यावरची वेळ शोधून आण, म्हटलं. ती अजून आलेली नाही.