ट्रेल मेल तळापासून वाचायचा, की सुटे मेल उघडायचे?

"खालचा ट्रेल बघा" एवढंच लिहून कुणीतरी चौदा मेलचं भेंडोळं आपल्याकडे फॉरवर्ड करतं, आणि आपल्याला शोधायचं असतं की ही मागणी मुळात केली कुणी. वाटा दोन. त्याच मेलच्या तळाशी जाऊन वर वाचत यायचं, किंवा मेलबॉक्समधले सुटे मेल तारखेने लावून एकेक उघडायचे. वरून खाली वाचणं मी यात धरतच नाही. त्यातून प्रकरण आज कुठवर आलंय ते कळतं, सुरुवात कुणी केली ते नाही.

तळापासून वाचण्याचा मोठा फायदा म्हणजे जुने मेल आपल्याकडे असावे लागत नाहीत. दहाव्या मेलला सीसीत आलेल्या माणसाकडे दुसरं काही नसतंच. शिवाय प्रश्न आधी आणि उत्तर मागून येतं, त्यामुळे नुसतं "ओके" कशाला म्हटलंय तेही लागतं. पण "तळ" हा शब्द फसवा आहे. आउटलुकमध्ये उत्तर वर लिहितात, म्हणून सर्वांत जुना मजकूर खाली असतो. ओळीखाली ओळ उत्तर देणाऱ्यांच्या मेलमध्ये उलटं दिसतं:

```
> > > 8 मायक्रॉन चालेल का?
> > 12 ठेवा.
> ठीक. दर वाढेल.
```

इथे सर्वांत जुनी ओळ वर आहे. जागा न बघता बाण मोजायचे. ज्या ओळीला जास्त बाण, ती जुनी.

मी स्वतः कसा फसलो ते सांगतो. ब्रॅकेटच्या बिलावरून वाद होता. झिंक प्लेटिंग 8 ऐवजी 12 मायक्रॉन झालं होतं आणि जादा पैसे कुणी द्यायचे ते ठरत नव्हतं. ट्रेलच्या तळाशी ग्राहकाच्या खरेदी विभागाचा 4 मार्चचा मेल होता, आणि त्यात ही ओळ होती: "प्लेटिंग 8 मायक्रॉन. 12 घ्यावं, माल समुद्रकाठी जाणार आहे." मला वाटलं, मिटलं, त्यांनीच मागितलंय. मग वर येता येता आमच्या क्वालिटीच्या मॅडमचा मेल लागला, "उत्तरं खाली निळ्या रंगात दिली आहेत." निळं तर कुठेच नव्हतं. मधल्या प्लेटिंगवाल्याने साध्या मजकुरात रिप्लाय केला होता, तिथे रंग उडाला आणि मॅडमचं वाक्य ग्राहकाच्या वाक्याला चिकटलं.

इथेच सुटे मेल सरस ठरतात. 4 मार्चचा मूळ मेल उघडला तर त्यात फक्त "8 मायक्रॉन" होतं. 12 आम्ही सुचवलं होतं, आणि "पुढे चला" हे त्यांनी नंतर लिहिलं होतं. सूचना आमची, मंजुरी त्यांची, असं लिहून पाठवल्यावर बोलणी पुढे सरकली. ट्रेलमधला मजकूर ही शेवटी प्रतच. रिप्लाय करणारा ती खोडू शकतो, त्यात भर घालू शकतो, आणि ते नेहमी मुद्दाम होतं असंही नाही. "खाली बघा", "लाल रंगात", "प्रश्नासमोर उत्तर" असं कुठे दिसलं, की त्याखालच्या मजकुरावर भरवसा ठेवू नका.

दुसरी उणीव फाट्यांची. एकाच मेलला दोघांनी वेगवेगळा रिप्लाय केला तर साखळी दुभंगते आणि शेवटच्या मेलमध्ये एकच फाटा उरतो. पहिला प्रश्न दुसऱ्या फाट्यात असला तर तळापर्यंत जाऊनही तो सापडणार नाही. दोन फाटे ताडून बघताना वेळेकडेही लक्ष हवं. आउटलुक जुन्या मेलची वेळ रिप्लाय करणाऱ्याच्या घड्याळाने छापतं. आपण दुपारी 2:10 ला पाठवलेला मेल मार्चच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीहून परत आला, तर त्यावर सकाळचे 9:40 दिसतात, आणि आपल्याच 12:30 च्या मेलआधी तो गेल्यासारखा वाटतो. एका साखळीत क्रम पक्का असतो. घोळ होतो तो फाटे जुळवताना.

सुट्या मेलची मोठी अडचण म्हणजे ते आपल्याकडे असावे लागतात. शिवाय विषय बदलला की जीमेल नवी साखळी धरतं, म्हणून विषयावरून शोधलं तर अर्धे निसटतात. त्यावर उपाय आहे. जीमेलमध्ये मेलच्या मेन्यूत `Show original` उघडा. `References` या ओळीत पहिला जो आयडी असतो, तो बहुधा साखळीच्या मूळ मेलचा. कोनी कंस काढून तो शोधपट्टीत `rfc822msgid:` पुढे टाका, मेल तुमच्याकडे असेल तर थेट उघडतो. मात्र कुणी जुन्याच मेलला रिप्लाय करून नवा विषय काढला असेल, तर हा आयडी भलत्याच प्रकरणात नेऊन सोडतो.

तुम्ही पहिल्यापासून सीसीत असाल तर सरळ सुटे मेल उघडा. मध्येच आला असाल तर आधी तळापासून वाचून कुणी, कधी, कोणत्या शब्दांत विचारलं ते टिपून घ्या, आणि ज्याच्या नावावर पहिली मागणी दिसते त्याच्याकडून तो एकच मेल अटॅचमेंट म्हणून मागवा. फॉरवर्ड नको, त्यातला मजकूर पाठवण्याआधी बदलता येतो.