छापील बेरजा की दुबार टायपिंग? जुन्या जनगणनेचे आकडे उतरवून घेणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गावनिहाय लोकसंख्येचे जुने आकडे एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची हौस अधूनमधून कुणाला तरी येतेच. कुणाला गावाचा इतिहास लिहायचा असतो, कुणाला भाषेच्या वादात हाताशी आकडा हवा असतो. १९५१ पासून जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका निघू लागल्या. त्यांतल्या गावांच्या याद्या स्कॅन होऊन आलेल्या असतात, छपाई कुठे पुसट, कुठे शाई पसरलेली. टाईप करणारा माणूस मिळतो. प्रश्न पुढचा असतो: टाईप केलेलं बरोबर आहे हे तपासायचं कसं?

तीन रस्ते आहेत. एक, नुसती तालुक्याची शेवटची बेरीज जुळवून पाहायची. दोन, तेच पान दोघांनी वेगवेगळं टाईप करायचं आणि दोन्ही फायली ताडून पाहायच्या. तीन, पानावरच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही बेरजा टाईप करून प्रत्येक ओळ आणि प्रत्येक रकाना त्यांच्याशी जुळवायचा. माझा कल तिसऱ्याकडे आहे. पण तो कुठे लंगडा पडतो हेही माहीत हवं, नाहीतर 'बेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर' असा समज होऊन बसतो.

पहिला रस्ता पटकन निकालात काढू. शेवटची बेरीज जुळली नाही तर चूक आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही. पन्नास गावांच्या रकान्यात ५० चा फरक आला तर पन्नास आकडे पुन्हा डोळ्यांखालून घालायचे. शिवाय एका गावात ५० जास्त आणि दुसऱ्यात ५० कमी असेल तर फरक शून्य येतो आणि दोन्ही चुका सुखाने नांदतात.

आता तिसरा. गावाच्या यादीत पुरुष, स्त्रिया आणि एकूण असे रकाने असतील तर आडवी बेरीज आयतीच मिळते: पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण. उभी बेरीज यादीच्या टोकाला असते. एक लहान उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते बनवलेले आहेत, कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत. टाईप करणाऱ्याने हे लिहिलंय:

| गाव | पुरुष | स्त्रिया | एकूण | ओळीचा फरक |
|---|---|---|---|---|
| पहिलं | ४१२ | ३९८ | ८१० | ० |
| दुसरं | २७६ | २६१ | ५८७ | −५० |
| तिसरं | ५३३ | ५४७ | ११३० | −५० |
| चौथं | १९५ | २८० | ४०३ | +७२ |
| पाचवं | ३३८ | ३२१ | ६५९ | ० |
| छापील बेरीज | १८०४ | १७३५ | ३५३९ | ० |
| रकान्याचा फरक | −५० | +७२ | +५० | |

फरक काढायची सूत्रं साधी आहेत. पहिलं ओळीसाठी, दुसरं रकान्यासाठी:

```
=B2+C2-D2
=SUM(B2:B6)-B7
```

चौथ्या गावापासून सुरू करा, कारण ते सोपं आहे. ओळीत +७२, स्त्रियांच्या रकान्यातही +७२. जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तो आकडा २८०, आणि तो ७२ ने जास्त आहे. एकच अंक चुकला असता तर फरक ५०, ३, ६०० असा, म्हणजे एक अंक आणि मागे शून्यं, असा आला असता. ७२ तसा नाही, पण त्याला ९ ने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. ७२ ला ९ ने भागलं की ८ येतात, म्हणजे उलटलेल्या दोन अंकांमध्ये ८ चं अंतर आहे. ० आणि ८. छापील आकडा २०८ असणार. ही चूक डोळ्यांची नाही, बोटांची आहे.

दुसरं आणि तिसरं गाव जास्त मजेशीर आहेत. दोन्ही ओळींत −५०. रकान्यांत पुरुषांकडे −५० आणि एकूणच्या रकान्यात +५०. म्हणजे या दोघांतल्या एका गावाचे पुरुष ५० ने कमी पडलेत आणि उरलेल्या गावाचं एकूण ५० ने वाढलंय. पण कुठल्या गावाचं काय? बेरजा एवढ्यावरच थांबतात, दोन्ही जोड्या त्यांना सारख्याच चालतात.

इथे अंकांकडे बघायचं. दुसऱ्या गावाचे पुरुष कमी पडले असतील तर खरा आकडा २७६ अधिक ५०, म्हणजे ३२६. त्यासाठी दोन अंक चुकलेले असायला हवेत. आणि तिसऱ्या गावाचं एकूण ५० ने जास्त असेल तर खरं १०८०, तिथेही दोन अंक चुकीचे. उलट मानलं तर तिसऱ्या गावाचे पुरुष ५३३ ऐवजी ५८३ आणि दुसऱ्याचं एकूण ५८७ ऐवजी ५३७. प्रत्येकात एकच अंक चुकलाय, आणि दोन्हीकडे घोटाळा ३ आणि ८ चाच. इंग्रजी छपाईत ८ ची डावी कड पुसट झाली की ३ दिसतो आणि ३ मध्ये शाई भरली की ८. एवढ्यानेही आकडा परस्पर बदलायचा नाही. तर्काने दाखवलेले दोन कप्पे स्कॅनवर मोठे करून पाहायचे. पण पानावरचे पंधरा आकडे वाचायच्या जागी दोनच वाचावे लागतात, आणि कशावर शंका घ्यायची तेही आधी माहीत असतं.

फरकाचा पहिला अंक अशी खूण देतो. इंग्रजी आकड्यांत ५ म्हणजे बहुधा ३ आणि ८, ६ म्हणजे १ आणि ७, ३ म्हणजे ५ आणि ८. देवनागरीत छापलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या नोंदवहीत ८ चा फरक आला तर १ आणि ९ वर नजर ठेवा. आपल्या भागात कन्नड आकड्यांच्या वह्याही हाती येतात. कन्नड एक मराठी डोळ्याला शून्यासारखा दिसतो, तेव्हा तिथे १, १०, १०० असे फरक आले की हाच घोटाळा आधी तपासा.

दुबार टायपिंगची बाजू आता. त्याला छापील बेरजा लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. २८० सारखी बोटांची चूक ते हमखास पकडतं, कारण दुसरा माणूस नेमका तोच आकडा उलटा टाईप करेल अशी शक्यता फार थोडी. पण पुसट ८ जर पानावर ३ सारखाच दिसत असेल तर दोघांनाही ३ च दिसणार, आणि दोन्ही फायली जुळल्या म्हणून चूक पक्की होऊन बसणार. पान खराब असेल तर दुसरा माणूस पहिल्यासारखाच फसतो. बेरीज मात्र पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात वेगळी छापलेली असते, तिथली शाई वेगळी पुसली गेलेली असते, म्हणून ती स्वतंत्र साक्ष ठरते. आणि खर्च? दुबार टायपिंगला मेहनत सरळ दुप्पट. बेरजांच्या तपासाला वरती फक्त एक ओळ टाईप करावी लागते, एकूणचा रकाना तर तसाही उतरवायचाच असतो.

म्हणून ज्या तक्त्यांत आडवी आणि उभी अशी दोन्हीकडे बेरीज आहे तिथे दुबार टायपिंगवर पैसे घालवू नका. ज्या याद्यांत बेरीज कुठेच नाही, किंवा फक्त एका बाजूला आहे, तिथे ते वाचवलेले पैसे घाला. खानापूरसारख्या तालुक्यात गावं लहान आणि पुष्कळ, यादी अनेक पानं चालते. उभी बेरीज फक्त तालुक्याच्या शेवटी असेल तर आडवा तपास गावागावाला लागू राहतो, पण उभ्या फरकात सगळ्या पानांच्या चुका एकात एक मिसळून येतात. अशा यादीत आडवे फरक आधी एकेक करून शून्यावर आणा आणि मगच उभ्याकडे वळा. आडवे सगळे शून्य असूनही उभे उरलेच, तर बहुतेकदा आकडा चुकलेला नसतो, अख्खं गाव टाईप करायचं राहिलेलं किंवा दोनदा टाईप झालेलं असतं. ओळखायची खूण अशी: तिन्ही रकान्यांचे फरक एकाच चिन्हाचे येतात, गाव राहिलं असेल तर उणे, दोनदा झालं असेल तर अधिक.

हाच प्रकार जिल्ह्याच्या पातळीवर भल्याभल्यांना चकवतो. १९५१ च्या पुस्तिकेतला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातला आहे, आणि त्यात चंदगड तालुका आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आजच्या नकाशावरून तालुके निवडून टाईप केले तर प्रत्येक रकाना चंदगडएवढा कमी भरणार. १९५१ ची १९६१ शी तुलना करताना तर हे धरूनच चालावं लागतं.

आता बेरजांना जे दिसतच नाही ते. एका ओळीतले पुरुष आणि स्त्रियांचे आकडे टाईप करताना अदलाबदल झाले तर आडवी बेरीज जुळते, उभे दोन फरक मात्र विरुद्ध चिन्हांनी उघडे पडतात. तीच अदलाबदल दुसऱ्या एखाद्या गावात उलट्या बाजूने आणि तेवढ्याच फरकाने झाली तरच सगळं शून्य दिसेल, आणि असं क्वचितच होतं. गावाच्या नावाचं तसं नाही. दोन गावांची नावं एकमेकांच्या जागी पडली तर आकडे सगळे जुळतात, सगळ्या बेरजा जुळतात, आणि नोंद साफ चुकीची असते. इंग्रजीत छापलेली सीमाभागातली नावं तशीही गोंधळाची, त्यामुळे नावांचा तपास वेगळाच करायला हवा. तो बेरजेवर सोपवता येत नाही.

रिकाम्या कप्प्यांचंही एक आहे. बेचिराग गावापुढे छपाईत आडवी रेघ असते. ती तशीच टाईप केली तर ओळीचं सूत्र `#VALUE!` दाखवून भांडतं, पण `SUM` अशी अक्षरं मुकाट्याने वगळतं. शून्याच्या जागी चुकून इंग्रजी O पडलं तरी तेच होतं, आणि रकान्याचा फरक त्या अख्ख्या आकड्याएवढा येतो. फरक एखाद्या गावाच्या आकड्याएवढाच दिसला की आधी हे पाहा.

आणि कधी कधी स्कॅन स्वच्छ असतो, टायपिंग हुबेहूब असतं, तरी बेरीज जुळत नाही, कारण चूक छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचीच असते. तिथे पेन बाजूला ठेवा. कप्प्यात छापील आकडाच राहू द्या, शेजारी एक रकाना काढून 'छापील बेरीज ३ ने जुळत नाही' असं लिहा आणि पुढच्या पानाकडे वळा. जुळवण्यासाठी एखाद्या गावातली तीन माणसं वाढवली की तुमची फाईल पुस्तिकेची प्रत राहत नाही, आणि उद्या कुणी ती मूळ पानाशी ताडून पाहिली तर इतर सगळे आकडेही संशयात येतात.