प्रीसेट आणि रिटचिंगच्या नावाखाली माझे २३,२३९ रुपये गेले, बिफोर-आफ्टर बघून पैसे देणाऱ्यांनी वाचाच

लिहायची लाज वाटतेय, कारण मी ११ वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, नवखा नाही. पण माझ्या ओळखीतल्या अजून दोघांना मला फसवणाऱ्या त्याच माणसाचा मेसेज आलाय म्हणून लिहितोय.

एप्रिल-मेमध्ये सात लग्नं होती. एडिटिंग तुंबलं होतं, पार्टीचे फोन सुरू झाले होते. त्यात याची जाहिरात दिसली, एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंगचा, म्हणजे वेडिंग प्रीसेटचा पॅक १,९९९ रुपये आणि हाताने केलेलं स्किन रिटचिंग ३० रुपये फोटो. आपल्याकडे नीट काम करणारा ४०-५० मागतो, त्यामुळे ३० म्हणजे अगदीच फुकट वाटेल असाही भाव नव्हता, आणि तिथेच मी अडकलो. फार स्वस्त असता तर संशय आला असता.

त्याचे बिफोर-आफ्टर फोटो आज परत बघितले की अंगाचा तिळपापड होतो. एका नवरीचा क्लोजअप होता. बिफोरमध्ये चेहरा काळवंडलेला, पिवळट. आफ्टरमध्ये त्वचा स्वच्छ, डोळे चमकदार. अहो, ते डोळेच बघायला हवे होते मी! बिफोरमध्ये बुबुळात लाइटचा ठिपका नाहीये आणि आफ्टरमध्ये दोन्ही डोळ्यांत सॉफ्टबॉक्सचं, म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या लाइटचं, गोल प्रतिबिंब स्पष्ट दिसतंय. कुठला प्रीसेट डोळ्यात सॉफ्टबॉक्स आणून ठेवतो? मुंडावळ्यांचा सरसुद्धा एकात गालावर आहे आणि दुसऱ्यात कानामागे. म्हणजे फ्रेमच वेगळी, एक फ्लॅश न पेटलेली आणि एक नीट लाइटिंग केलेली. मी रोज हेच काम करतो आणि मोबाईलवर रात्री साडेबाराला अंगठ्याने सरकवत बघितलं, झूम केलं नाही. बिफोर-आफ्टर नेहमी कॉम्प्युटरवर मोठं करून बघा. डोळ्यातला ठिपका, सावलीची दिशा, केसांची बट, कपड्याची चुणी, हे चार मिनिटांचं काम आहे.

आणि मी डोळे झाकून पैसे दिले असं नाही हं. ट्रायल मागितली होती. कॅमेऱ्यातून निघालेल्या तीन मूळ रॉ फाइल पाठवल्या, त्याने सुंदर करून दिल्या, फुकट. पण मी पाठवल्या कुठल्या, तर सकाळच्या उन्हातल्या, कपल शूटच्या, ज्या तशाही चांगल्याच होत्या. हॉलमधल्या ट्यूबलाइट आणि हॅलोजनच्या खिचडीतला एक फोटो, हळदीचा एक फोटो पाठवला असता तर तिथेच उघडा पडला असता. ट्रायलला आपला सगळ्यात वाईट फोटो द्यायचा.

दुसरं म्हणजे त्या तीन फोटोंना त्याला दोन दिवस लागले होते. आणि फोनवर म्हणाला, "दादा, मी एकटाच करतो, टीम नाही, म्हणून क्वालिटी राहते." मग ६०० फोटो पाच दिवसात देतो म्हणाला. एका फोटोला हाताने दहा मिनिटं धरली तरी १०० तास होतात, म्हणजे रोज २० तास! हा हिशोब मी पैसे गेल्यावर केला.

पैशांचं असं झालं. पॅकचे १,९९९. रिटचिंगचे ६०० गुणिले ३० म्हणजे १८,०००, त्यातले ९,००० ॲडव्हान्स. दोन दिवसांनी म्हणाला जीएसटी १८ टक्के, ३,२४० टाका, मगच काम सुरू होईल. बिल मागितलं तर "कामाबरोबर देतो". जीएसटी मागणाऱ्याकडून आधी १५ अंकी नंबर घ्या आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा, मी घेतला नाही. सहाव्या दिवशी वॉटरमार्क टाकलेले छोटे फोटो आले. मोबाईलवर बरे दिसले, पार्टी डोक्यावर बसली होती, उरलेले ९,००० पाठवले.

मोठ्या फाइल म्हणून जे आलं ते २०४८ पिक्सेलचं जेपेग. आमचा अल्बम १२ बाय ३६ इंचाचा. अर्ध्या स्प्रेडवर, म्हणजे उघडलेल्या अल्बमच्या एका पानावर, १८ इंचावर तो फोटो लावला की इंचाला जेमतेम ११४ पिक्सेल पडतात, आपल्याला ३०० लागतात. पण साइजचं सोडा, काम बघा. नवरीच्या नथीचे मोती एकमेकांत विरघळलेले, भुवया पुसट. चेहऱ्यावर सरसकट ब्लर फिरवलेला. आणि हळदीच्या फोटोत हळदच नाही! गाल राखाडी-गुलाबी, झेंडूची फुलं मातकट, गळ्यातलं सोनं चांदीसारखं. कारण शोधायला मी त्याच्या पॅकमधली .xmp फाइल नोटपॅडमध्ये उघडली. प्रीसेट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही वाचू शकतो:

```
crs:SaturationAdjustmentYellow="-62"
crs:LuminanceAdjustmentOrange="+35"
```

पिवळा रंग मारायचा आणि केशरी उजळायचा, की त्वचा गोरी दिसते. समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यातल्या जोडप्याला हे चालतं, कारण तिथे मारायला पिवळं फार काही नसतं. आपल्या लग्नात हळद, सोनं, झेंडू, अक्षता, सगळं पिवळंच. त्याच फाइलमध्ये `crs:Name` पुढे एका फुकट मिळणाऱ्या प्रीसेटचं नाव तसंच राहिलेलं होतं. बाहेरून फाइलचं नाव बदललं, आतलं बदलायचं राहिलं. म्हणजे रिटचिंग झालंच नव्हतं, एक प्रीसेट आणि एक ब्लर ६०० फोटोंवर एकदम मारला होता. मुरुम काढणं, बटा काढणं हे प्रत्येक फोटोत वेगळं असतं, ते असं एका झटक्यात होत नाही.

फोन केला तर "दोन दिवसात फ्रेश करून देतो दादा", मग ब्लॉक.

पोलीस स्टेशनला पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा तीन तास बसवलं आणि विचारलं काय, तर "फोटो मिळाले ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? आवडले नाहीत म्हणा." मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो, डोळ्यातला ठिपका दाखवत होतो, ते दुसऱ्याशी बोलत होते. अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकलाय. अरे, पिन मीच टाकलाय, चोर घरात घुसला नाही हे मलाही कळतं, पण खोटा नमुना दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? ग्राहक तक्रारीचं विचारलं तर एकाने सांगितलं तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. हे पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू धंद्यात धरत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. पण हे मला त्या खुर्चीवरच्या माणसाने सांगायला नको? मी घरी येऊन शोधलं. आणि सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लगेच करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी "दोन दिवसात देतो" वर विश्वास ठेवून थांबलो, तेच दोन दिवस त्याला हवे होते.

अल्बमचे १४० फोटो मग इथल्याच एका पोराकडून ४५ रुपयांनी करून घेतले, ६,३०० वेगळे गेले. तो रॉ मधून पूर्ण साइजची टिफ देतो आणि पैसे वीस-वीस फोटोंच्या हिशोबाने घेतो, तसंच द्यायला हवेत.

परवा बायकोने त्या माणसाचं नवीन पेज दाखवलं. नाव बदललंय, भाव आता २५ केलाय. आणि नमुन्यात पहिलाच फोटो माझा आहे, ट्रायलला दिलेला, नदीकाठचा. बिफोर म्हणून जे लावलंय ती माझी रॉ नाही, मुद्दाम दोन स्टॉप अंधारी आणि पिवळी केलेली आहे. मूळ फाइल माझ्याकडे तशीच आहे. पेजला रिपोर्ट केलंय, अजून उत्तर नाही. फोटोतल्या त्या मुलीच्या वडिलांना हे कसं सांगायचं ते मला कळत नाहीये.